आजीच्या हनुवटीवरचा ठिपका

फोटो आमच्याकडे आला तो चौकटीसकट, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून. आणणारी नात पुण्यात नोकरी करते, आजी वाई तालुक्यात गावाकडच्या घरी असते. आजीची ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, आणि तिच्या तरुणपणच्या या एकुलत्या एका फोटोवरून नातीला हास्यचित्र काढून हवं होतं. फोटो १९६२ सालचा. मांढरदेवीच्या यात्रेहून परतताना वाईतल्या एका स्टुडिओत काढलेला, आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. आम्ही दोघं हे काम मिळून करतो: एक जण जुन्या फोटोंच्या नकला उतरवतो, दुसरी चित्र काढते. नातीनं आधी मोबाइलवर फोटोचा फोटो पाठवला होता. त्यात पिवळट कागदावर कुंकवाचा एक काळा ठिपका आणि दोन डोळ्यांच्या पुसट खुणा, एवढंच दिसत होतं. मूळ फोटो हातात आल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं आम्ही तिला कळवलं.

चौकट उघडण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे फोटो काचेला चिकटला आहे का. घरोघरी फोटो काचेला अगदी टेकवून बसवलेले असतात, मध्ये फट नसते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चांदीच्या कणांचं चित्र त्याच थरात असतं. दमट हवेत जिलेटिन मऊ पडतं, काचेला धरतं, आणि उन्हाळ्यात वाळलं की तिथंच घट्ट बसतं. असे साठ पावसाळे या फोटोनं काढले होते. मागचा पुठ्ठा आणि बारीक खिळे काढून आम्ही पातळ बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी काच आणि फोटोच्या मध्ये हलकेच सरकवली. तीन बाजूंनी ती सहज आत गेली. डाव्या खालच्या कोपऱ्यात, खांद्याच्या भागात, सुमारे दोन इंचांवर अडली. तेवढा भाग चिकटला होता. चेहरा मोकळा होता, हे नशीब.

अशा वेळी लोक वाफ देतात, पाण्याचं फडकं लावतात, नाहीतर ड्रायरची गरम हवा सोडतात. यातलं काहीही केलं तरी चित्राचा थर कागदावरून सुटून काचेवर राहण्याची भीती असते, आणि एकदा तसं झालं की तो परत आणता येत नाही. म्हणून आम्ही फोटो काचेसकटच उतरवायचं ठरवलं. स्वस्तातले पातळ स्कॅनर इथं उपयोगी पडत नाहीत. त्यांची नजर काचेच्या पृष्ठभागापुरतीच तीक्ष्ण असते, त्यामुळे मध्ये दोन मिलिमीटरची दुसरी काच आली की फोटो धूसर उतरतो. कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला लावला. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर एकेक दिवा ठेवला, म्हणजे काचेवरची चमक लेन्समध्ये न येता दुसऱ्या बाजूला निघून जाते. लेन्सपुरतं भोक पाडलेलं काळं कापड कॅमेऱ्यासमोर धरलं, नाहीतर काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब दिसतं. फोटोच्या कडांना आरशासारखी निळसर झाक होती. जुन्या फोटोतली चांदी वर येऊन बसली की अशी झाक येते. समोरून उजेड पडला तर ती झाक चित्राला झाकते, बाजूच्या उजेडात बरीच दबते.

मूळ प्रिंट पावणेपाच बाय साडेसहा इंचांची होती. जुने स्टुडिओवाले ज्याला हाफ प्लेट म्हणत, त्या मापाच्या निगेटिव्हला थेट कागद टेकवून काढलेली. हे माप पुढं फार कामाला आलं. निगेटिव्हवर जे जे केलं असेल ते अशा प्रिंटमध्ये लहान-मोठं न होता जसंच्या तसं उतरतं.

आता पुसट चेहरा वर आणायचा. काळा-पांढरा फोटो असला तरी तो रंगीतच उतरवायचा, कारण उडालेल्या फोटोत रंगच कामाचा असतो. चित्रातली चांदी हळूहळू झिजून तिचे इतके बारीक कण होतात की ते काळे न दिसता पिवळट-तपकिरी दिसू लागतात. पिवळा रंग निळा उजेड गिळतो. म्हणजे लाल उजेडात जो चेहरा जवळजवळ नाहीसा झालेला असतो, तो निळ्या उजेडात अजून गडद असतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Colors → Components → Decompose` केलं की लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे काळे-पांढरे थर मिळतात. लाल थरात आमच्यासमोर नुसतं कुंकू आणि केसांचा डाग होता. हिरव्यात भुवया आल्या. निळ्या थरात एका मुलीनं आमच्याकडे पाहिलं.

निळ्या थराची एक अडचण असते. धुताना कागदात उरलेल्या हायपोचे, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाचे, जे पिवळे डाग नंतर वर येतात, तेही त्यात चेहऱ्याइतकेच गडद दिसतात. इथं उजव्या गालावर असा एक डाग होता, आणि तो सावली समजून चित्रात घेतला असता तर गाल बसलेला दिसला असता. सावली की डाग, हे दोन थर शेजारी ठेवून कळतं. त्या जागी हिरव्या थरात गाल अगदी सपाट होता, तर नाकाच्या बाजूची खरी सावली दोन्ही थरांत होती. डागापुरता भाग हिरव्या थरातून घेतला, बाकी चेहरा निळ्यातला ठेवला.

इतकं करूनही चेहऱ्यावरचा सगळा गडद-फिकट फरक एका अरुंद पट्ट्यात दाटलेला होता. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ पायऱ्यांपैकी जेमतेम ऐंशी पायऱ्यांत. तो पट्टा ताणून पूर्ण पल्ल्यावर न्यायचा असतो. फाइल साध्या जेपीजीची असेल तर ताणल्यावर गालावर जिन्यासारखे पट्टे उमटतात, कारण त्या ऐंशी पायऱ्यांच्या मध्ये काही नसतंच. कॅमेऱ्यातून रॉ फाइल घेऊन सोळा बिटमध्ये काम केलं तर मधल्या छटा शिल्लक असतात आणि गाल गालासारखा राहतो. मोबाइलच्या फोटोवर हे काम का होत नाही, ते नातीला या दोन प्रती दाखवल्यावर लगेच पटलं.

मग कागदावर. मूळ फोटोत चेहरा तीन सेंटिमीटरचा होता, आम्ही तो सोळा सेंटिमीटरचा करून छापला. लाइट बॉक्सवर हा छाप ठेवून वर ट्रेसिंग पेपर लावायचा आणि टू बी पेन्सिलनं रेषा धरायच्या, अशी सुरुवात. पहिलं चित्र अर्ध्या दिवसात झालं आणि वाया गेलं. सतरा वर्षांची मुलगी चाळीस वर्षांची दिसत होती. फोटोत रेषा नसतात, नुसते उजेड-सावलीचे उतार असतात. त्या उताराला रेषा दिली की ती सुरकुती होते. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी फिकट सावली तरुण चेहऱ्यावरही असते, पण तिथं पेन टेकला की वय वाढतं. डोळ्यांखालचंही तेच. म्हणून तरुण चेहऱ्याच्या हास्यचित्रात आम्ही आधी ठरवतो की कुठं रेषा काढायची नाही. इथं चेहऱ्याची बाहेरची कड, भुवया, वरच्या पापण्या, नाकाचा शेंडा आणि दोन ओठांमधली फट, एवढ्याच रेषा ठेवल्या. खालच्या पापणीला रेषा नाही. नाकाच्या दांड्याला तर मुळीच नाही.

दुसरं चित्र तरुण झालं, पण ते आजीचं नव्हतं. मोठे डोळे, लहान नाक, गोल गाल, कॅलेंडरवरच्या कुठल्याही मुलीचं म्हणून खपलं असतं. मराठीत याला अर्कचित्र असा नेमका शब्द आहे, त्या माणसाचाच अर्क त्यात उतरायला हवा. त्यासाठी ट्रेसिंग बाजूला ठेवून पट्टी घेतली. सरासरी चेहऱ्यात दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याइतकं अंतर असतं. या मुलीच्या डोळ्यांत ते सव्वापट होतं. डोळे सहसा डोक्याच्या निम्म्या उंचीवर येतात, तिचे जरा खाली होते, त्यामुळे कपाळ मोठं आणि हनुवटी आखूड. डावी भुवई उजवीपेक्षा वर. खालचा ओठ दातांखाली किंचित ओढलेला. त्या काळी स्टुडिओत फोटोवाला ‘हलू नका’ म्हणून बजावायचा, आणि यात्रेहून आलेली, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच बसलेली मुलगी श्वास धरून बसली होती. मान ताठ, आणि खाली, जिथं फोटो सर्वात उडाला होता तिथं, उजव्या मुठीत पदराचं टोक घट्ट धरलेलं. ती मूठ आम्हाला निळ्या थरातच दिसली.

तिसऱ्या चित्रात या पाच गोष्टी वाढवल्या, बाकीच्या जागेवर ठेवल्या. डोळ्यांमधलं अंतर सव्वाचं दीडपट केलं. भुवई आणखी थोडी उचलली. मूठ चेहऱ्याच्या निम्म्या आकाराची करून पुढं आणली, पदराच्या चुण्या तिथून फुटणाऱ्या. ओठ मात्र फोटोत होता तेवढाच ओढला, कारण तो आणखी ओढला असता तर मुलगी रडवेली दिसली असती. किती वाढवायचं याची आमची कसोटी साधी आहे. चित्र तीन मीटरवर उलटं टांगायचं आणि पाहायचं. वाढवलेली गोष्ट पहिल्यांदा दिसली आणि चेहरा नंतर, तर वाढवणं जास्त झालं. शाई पाण्यानं न फुटणारी घेतली, ब्रश दोन नंबरचा, बाहेरची कड दीड मिलिमीटर जाड आणि आतल्या रेषा त्याच्या निम्म्या. रंग एकच, कुंकवाचा लाल.

नथीची बाजूही तपासून घेतली. निगेटिव्ह उलटी लावून काढलेल्या प्रिंटा अधूनमधून सापडतात, आणि नथ उजव्या नाकपुडीत दिसली की आपल्याकडे तो पहिला पुरावा. इथं ती डावीकडेच होती.

चित्र घेऊन आम्ही नातीबरोबर गावी गेलो. आजीच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तेव्हा चित्राला काच लावली नव्हती आणि कागदही चमक नसलेला घेतला होता. दाराशी, उजेड बाजूनं येईल असं आजीला बसवलं. आम्ही मुद्दाम काही बोललो नाही. ‘ओळखा कोण’ असं विचारलं की माणूस ओळखण्यापेक्षा उत्तर देण्याच्या मागं लागतो.

आजीनं चित्र मांडीवर घेतलं. आधी तिनं चेहरा पाहिलाच नाही. बोट लुगड्याच्या काठावरून फिरवलं, मग डोरल्यावर थांबलं.

“लुगडं माझं हाय,” ती म्हणाली. “डोरलं बी माझंच. पर ही कोन गं?”

“आजी, तूच आहेस ती,” नात म्हणाली. “वाईला काढलेला फोटो नाही का, त्याच्यावरून काढलंय.”

“मी?” आजीनं चित्र लांब धरलं, परत जवळ आणलं. “मूठ माझी हाय. लई भ्या वाटत हुतं, त्यो मानूस काळ्या फडक्यात डोस्कं घालून बसला हुता. मूठ माझी.” मग ती चेहऱ्यावर आली आणि तिचं बोट हनुवटीवर थबकलं. ती काहीतरी शोधत होती. नखानं कागद खरवडावा तसं तिनं तिथं दोनदा केलं. “माझं गोंदान कुठं हाय?”

आम्ही आजीच्या हनुवटीकडे पाहिलं. ओठाखालच्या सुरकुत्यांमध्ये हिरवट काळा ठिपका होता, मसुरीच्या दाण्याएवढा. आल्यापासून तो आमच्या समोर होता आणि म्हातारपणी येणाऱ्या डागांपैकीच एक म्हणून आम्ही त्याच्यावरून नजर पुढं नेली होती.

“लग्नाच्या आदी गोंदलेलं,” आजी म्हणाली. “म्हायेरच्या जत्रंत. आईनं डोस्कं धरलं हुतं माझं, हलू नये म्हनून. मेल्यावर बाकी समदं हितंच ऱ्हातंय, ह्ये तेवढं संगं येतंय म्हनायची. आन् तुमी त्येच न्हाई काडलं.”

“आजी, फोटोत ते नाहीच आलेलं,” आम्ही म्हणालो.

“फोटुत नसंल. हितं हाय न्हवं?” तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं.

तिथंच पेन घेऊन ठिपका देता आला असता. पण कुठं द्यायचा? आजीचे दात गेले आहेत. दात गेले की जबडा वर चढतो, ओठ आत ओढले जातात, आणि ओठ व हनुवटी यांच्यातलं अंतर कमी होतं. आजच्या चेहऱ्यावर तो ठिपका ओठाच्या अगदी खाली आहे. सतराव्या वर्षी तो नक्कीच आणखी खाली दिसत असणार, पण किती, ते आजच्या मापावरून काढता येत नाही. आणि हास्यचित्रात हनुवटी आधीच आखूड केलेली, तिथं दोन मिलिमीटरच्या चुकीनं ठिपका गोंदण न राहता खळी झाला असता. आम्ही चित्र परत घेऊन आलो.

गोंदण फोटोत का नव्हतं, याची दोन कारणं आम्हाला सापडली. पहिलं फिल्मचं. फोटोत कुंकू आणि ओठ दोन्ही डांबरासारखे काळे होते. लाल रंग ओळखणाऱ्या फिल्मवर कुंकू मध्यम करडं येतं. ते इतकं काळं आलं, म्हणजे फिल्म लाल न दिसणाऱ्या जुन्या जातीची होती. अशा फिल्मला निळा-हिरवा उजेड दिसतो, लाल दिसत नाही. तिच्यावर सावळी कातडी आहे त्याहून गडद येते, आणि कातडीखालचं गोंदण, जे डोळ्याला निळसर-हिरवं दिसतं, ते तितकंसं गडद येत नाही. दोघांमधला फरक मिटत जातो. डोळ्याला लख्ख दिसणारं गोंदण अशा फोटोत फिकट होऊन बसतं, कधी अजिबात दिसत नाही. घरच्या जुन्या फोटोत कुंकू काळंकुट्ट असेल तर गोंदणाच्या बाबतीत त्या फोटोवर विश्वास ठेवू नये.

हे एवढंच कारण असतं तर ठिपक्याची निदान छाया उरली असती, आणि आमच्याकडे तीही नव्हती. तेव्हा हनुवटीचा भाग मॉनिटरवर चौपट मोठा करून पाहिला. गालांवर आणि कपाळावर बारीक, स्वल्पविरामासारख्या फटकाऱ्यांचं जाळं होतं. ते आधीही दिसलं होतं. त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करायचे. निगेटिव्हवर शिसं चढवलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. मुरमं, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं असंच घालवलं जायचं. ग्राहकाला विचारण्याचा प्रश्न नव्हता, ‘चेहरा साफ करणं’ हा फोटोच्या किमतीतच धरलेला भाग होता. गालांवर हे फटकारे विरळ आणि सगळीकडे सारखे होते. हनुवटीवर मात्र एका ठिकाणी ते एकावर एक, गोल गोल फिरवलेले होते. मूळ प्रिंटवर ती जागा दीड मिलिमीटरची भरेल, भोवतीच्या कातडीपेक्षा किंचित उजळ. काढणाऱ्यानं जरा जास्तच शिसं चढवलं होतं.

फोटोवाल्यानं जिथं गोंदण पुसलं ती जागा त्याच्या पेन्सिलीनं जपून ठेवली होती. खालच्या ओठाच्या कडेपासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. ठिपका वरून जवळजवळ साठ टक्क्यांवर होता आणि मध्यरेषेच्या थोडा आजीच्या उजव्या हाताला. आजही तो मध्यावर नाही, उजवीकडेच आहे. दोन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. कपाळही त्याच नजरेनं तपासलं, भुवयांच्या मध्ये, नाकाच्या वर. तिथं असं काही नव्हतं. आजीच्या आजच्या कपाळावरही काही नाही.

ठिपका चित्रात कसा द्यायचा, हाही प्रश्नच. पहिल्या तुकड्यावर काळ्या शाईनं देऊन पाहिला तर तो तीळ वाटला. तिळाची कड स्पष्ट असते. गोंदणाची नसते, रंग कातडीखाली असतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा पसरतो. मात्र हे चित्र गोंदल्यानंतर थोड्याच दिवसांतल्या मुलीचं, तेव्हा फार पसरवूनही चालणार नव्हतं. एक थेंब शाई, तीन थेंब पाणी आणि ब्रशच्या टोकावर येईल इतका प्रशियन निळा, असं मिश्रण केलं. सुती कागद त्या जागी ओल्या ब्रशनं जेमतेम दमट केला, पंधरा-वीस सेकंद थांबून ठिपका टेकवला. कागद जास्त ओला असेल तर ठिपक्याला मुळं फुटतात, कोरडा असेल तर कड करकरीत येते. सहा तुकडे वाया गेले, सातवा जमला, मग मूळ चित्रावर हात टाकला. चित्रात आता दोन रंग झाले, कपाळावरचा लाल आणि हनुवटीवरचा निळसर काळा.

पंधरा दिवसांनी परत गेलो. आजीनं चित्र घेतलं आणि या वेळी लुगड्याकडे पाहिलंच नाही. अंगठा आधी चित्रातल्या हनुवटीवर ठेवला, मग स्वतःच्या. चित्राची मुलगी आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या. घरातली दोन लहान पोरं आजूबाजूला येऊन उभी राहिली, त्यांना तिनं हातानं मागं सारलं.

“हां,” ती म्हणाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आईनं डोस्कं किती घट धरलं हुतं.”

मूळ फोटोचंही काम उरकलं. तो काचेसकट होता तसाच ठेवला. कागदाची पाठ झाकायला आम्लमुक्त पुठ्ठा लावला, नवी चौकट केली, आणि चुलीच्या धुराची व ओलीची भिंत सोडून आतल्या कोरड्या भिंतीवर लावायला सांगितलं. हास्यचित्राच्या चौकटीत काच आणि कागदाच्या मध्ये तीन मिलिमीटरची पट्टी फिरवली आहे, म्हणजे हे चित्र तरी काचेला धरणार नाही.

निघताना आजीनं नातीला आतून आणखी एक फोटो आणायला लावला. तिच्या सासूबाईंचा. त्यात पांढऱ्या कागदावर पांढरा अंडाकृती आकार आणि कडेला केसांची एक रेघ होती. आम्ही कॅमेरा बरोबर नेला होता, तिथंच उतरवून निळा थर वेगळा करून पाहिला. त्यातही काही नव्हतं. चांदी पिवळी पडलेली असेल तर ती निळ्या उजेडात सापडते, उरलीच नसेल तर कुठल्याच उजेडात सापडत नाही. तसं आम्ही आजीला स्पष्ट सांगितलं.

“फोटुत न्हाई ऱ्हायल्या व्हय,” आजी म्हणाली. “मी पंचवीस वर्सं त्यांच्या हाताखाली काडली. मी सांगती, तू काड पोरी.”

पिशवीतून वही आणि टू बी पेन्सिल बाहेर निघाली. आजी भिंतीला टेकून नीट बसली आणि डोळे मिटले. “कपाळापास्नं धर. भुवयांच्या मदी तीन ठिपकं. वर एक, खाली दोन.”